वारलीत ओळखीचा माणूस काढताय? या चुका टाळा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका घरातून काम आलं होतं. घरातल्या थोरल्या माणसाची, तात्यांची, पंचाहत्तरी होती आणि नातवंडांना त्यांचं वारलीतलं चित्र भिंतीवर लावायचं होतं. अट एकच: बघितल्याबरोबर तात्या म्हणून कळायला पाहिजे. मी हो म्हणून बसलो आणि मग तीन कागद वाया घालवले. ते तीन कागद अजून माझ्याकडे आहेत. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्यांच्याकडे बघूनच.

पहिला कागद चेहऱ्यापायी गेला. घरच्यांनी आधार कार्डासारखा समोरून काढलेला फोटो पाठवला होता. जाड काचांचा चष्मा, झुपकेदार मिशी. मी डोक्याच्या गोलात चष्मा बसवला आणि खाली मिशी ओढली. दोन सेंटिमीटरच्या गोलात चष्मा म्हणजे मुंगळ्याचे डोळे दिसतात. मिशी त्याहून वाईट, कारण गोल पांढरा भरलेला आणि मिशीही पांढरीच असायला हवी होती.

वारलीतल्या माणसाला नाक-डोळे नसतात. डोकं म्हणजे एक गोल, धड म्हणजे कमरेच्या टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण, हातपाय म्हणजे एकेक रेघ. बाई आहे हे कळतं ते गोलाबाहेर काढलेल्या अंबाड्यावरून. ओळखीची खूण गोलाच्या आत कधी जात नाही, ती बाहेर येते. तात्यांच्या बाबतीत बाहेर येण्यासारखी गोष्ट होती टोपी. पण पांढऱ्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली की दोन्ही मिळून नुसता बटाटा होतो. या चित्रात गेरूच्या जमिनीवर रंग एकच, पांढरा, त्यामुळे दोन वस्तू वेगळ्या दाखवायला मधली फटच कामाला येते. डोकं आणि टोपी यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची गेरूची रेघ उघडी सोडा, टोपीची दोन्ही टोकं गोलाच्या जराशी बाहेर काढा, टोपी लगेच टोपी दिसते. फट नंतर गेरूने मारू नका. आधीच मोकळी सोडलेली फट स्वच्छ येते, मागाहून मारलेली डागासारखी दिसते.

चष्मा आणि मिशी गेलीच. घरच्यांना त्याची हळहळ वाटते, पण त्यांना एक प्रश्न विचारला की काम पुढे सरकतं: “तात्या लांबून, शेताच्या बांधावरून येताना दिसले तर कशावरून ओळखता?” तिथून चष्मा कुणाला दिसतोय?

या प्रश्नाला मोठी माणसं “चालण्यावरून” एवढंच सांगतात. खरं उत्तर धाकट्या नातवाकडे मिळालं. तो उठून अंगणात तात्यांसारखा चालून दाखवायला लागला आणि घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मान पुढे, पाठीचा वरचा भाग फुगलेला, एका हातात धोतराचा सोगा, आणि शर्टाच्या कॉलरला मागून अडकवलेली छत्री. नक्कल करणारं पोर जे उचलतं तेच चित्रात घ्यायचं. फोटो हवाच असेल तर बाजूने काढलेला, पायापर्यंतचा मागा आणि मोबाइलवर नखाएवढा करून बघा. त्या आकारातही जे उरतं तेवढंच रेघेत उतरतं.

आता दुसरा कागद. माझी सगळ्यात मोठी चूक यात आहे आणि ती नवख्यांच्या चित्रात मला हमखास दिसते.

म्हातारा वाकलेला दाखवायचा म्हणून मी वरचा त्रिकोण कमरेच्या सांध्यावर पुढे झुकवला, साधारण तीस अंशांनी. वारलीत माणूस हलतो तो याच सांध्यावर. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकापासून ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची माणसं बघा. पळतात, ओढतात, नाचतात, सगळं दोन त्रिकोणांच्या टोकावर तोलून. म्हणून मलाही वाटलं, वाकवायचं तर इथेच. चित्र घेऊन गेलो तर सूनबाई म्हणाल्या, “हे तर आमच्यात नट्टीला आलेलं माणूस दिसालंय.”

नट्टी म्हणजे भाताची लावण. बरोबर होतं त्यांचं. वारलीत कमरेत वाकलेला माणूस म्हणजे भाताचं रोप लावणारा किंवा ओझं उचलणारा, म्हणजे कामात असलेला. येळ्ळूरसारख्या भाताच्या गावात तर दुसरा अर्थ कुणी काढणारच नाही. आणि मुळात तात्या कमरेत वाकलेले नव्हतेच. त्यांची कंबर ताठ, वाक होता तो खांद्याच्या वर, मानेच्या मुळाशी. बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. आपण नीट न बघता सगळ्याला “वाकलेला” म्हणून मोकळे होतो.

मग दुरुस्ती अशी केली. अठरा सेंटिमीटरचा माणूस मी साधारण असा वाटतो: डोकं दोन, मान एक, वरचा त्रिकोण पाच, खालचा तीन, पाय सात. मापं माझ्या सोयीची आहेत, परंपरेची नव्हेत. तात्यांसाठी वरच्या त्रिकोणाची खांद्याची बाजू नेहमीच्या पाचाऐवजी चार सेंटिमीटर घेतली, कारण माणूस अंगाने बारीक. त्रिकोण जवळजवळ उभाच ठेवला, फक्त खांद्याच्या रेघेचं मागचं टोक अर्धा सेंटिमीटर वर उचललं. झाला पाठीचा फुगवटा. मान खांद्याच्या मध्यातून न काढता तिथून एक सेंटिमीटर पुढे सरकवली, तिरपी केली आणि लांबी दीड सेंटिमीटर केली. डोकं आपोआप पायांच्या पुढे आलं.

इथे एक नवा दोष उभा राहतो. माणूस तोंडावर पडेल असं वाटायला लागतं. तपासायचं असेल तर डोक्याच्या गोलाच्या मध्यातून पट्टीने सरळ खाली रेघ धरा. ती पुढच्या पावलाच्या चवड्याच्या पलीकडे गेली तर पुढचं पाऊल तेवढं पुढे टाका. मी ते एक सेंटिमीटर पुढे नेलं, मागचा पाय जरा ताणला आणि तात्या चालायला लागले.

तात्यांचे पाय गुडघ्यात बाहेर वळलेले आहेत, तेही मला हवं होतं. नाही जमलं. वारलीत पाय बाजूने दिसतात, दोन्ही पावलं एकाच दिशेला. फेंगडे पाय दिसायचे तर समोरून काढावे लागतात, आणि मग मानेचा पुढे आलेला कोन जातो. दोनपैकी एक घ्यायचं होतं. मी मान घेतली.

तिसऱ्या कागदावर मान बरोबर होती, पण मी बाकीचं सामान कोंबलं. तात्यांनी सायकलवरून बेळगावात दूध घातलं होतं म्हणून सायकल आणि दुधाचे कॅन. मागे गावाजवळचा राजहंसगड. कोपऱ्यात बैलजोडी. आणि मोकळी जागा राहिली म्हणून तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. सायकलवर बसवल्यामुळे सगळी चाल गेली, कारण सायकलवर बसलेला माणूस कुणीही असू शकतो. गड बघून लोक म्हणाले, गाव कळलं. माणूस नाही कळला. तारपा तर उगीचच. ते वाद्य पालघरकडचं, तात्यांनी ते जन्मात ऐकलेलं नाही.

मी आता एकच वस्तू ठेवतो, आणि तीही माणसाच्या अंगाला लागलेली असली तरच. तात्यांची छत्री ठेवली. खऱ्यात ती कॉलरला अडकून पाठीवर लोंबते, पण पाठ म्हणजे पांढरा भरलेला त्रिकोण, त्यावर छत्री हरवते. म्हणून छत्रीची मूठ त्रिकोणाच्या मागच्या टोकाला अडकवली आणि दांडी त्रिकोणाच्या बाहेर लोंबती ठेवली. मागचा हात सरळ खाली, छत्री त्याच्याही मागे. मुठीचा आकडा मात्र जरा मोठाच काढा. आकडा बारीक झाला की छत्रीची काठी होते, आणि काठी घेतलेला म्हातारा गावात दर दुसऱ्या घरात आहे. सोग्यासाठी पुढच्या हातातून खाली दोन आखूड रेघा पुरल्या. धोतर म्हणून खालचा त्रिकोण भरला नाही, नुसता आडव्या रेघांनी काढला.

एका नातेवाइकाने सुचवलं होतं की तात्यांना चौकात बसवा, फार शोभेल. त्याला मी नाही म्हणालो. वारली लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. ती काही नक्षीची चौकट नव्हे की देवी काढून आपल्या घरचा माणूस बसवला. कडेला साध्या त्रिकोणांची पट्टी द्या, पुष्कळ झालं.

सामानाबद्दल थोडंच सांगतो. गेरू नुसत्या पाण्यात कालवून कागदाला लावला तर तो सुकल्यावरही बोटाला येतो आणि वरची पांढरी रेघ गुलाबी पडते. पाच-सहा चमचे गेरूला चमचाभर फेविकॉल घाला, पूर्ण सुकू द्या आणि कोऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला लाल लागलं तर अजून एक पातळ हात द्या. पांढरा रंग ताकाएवढा पातळ हवा. कोपऱ्यात एक टिपका ठेवून बघा: कडा पसरल्या तर पाणी जास्त, टोक वर उभं राहिलं तर कमी. तांदळाच्या पिठाचा वापरत असाल तर ओला असताना तो फिका दिसतो, सुकल्यावर उजळतो. त्यामुळे ओल्यावरच दुसरा हात मारायची घाई करू नका, रेघ जाड होईल. आणि हातपाय म्हणजे एकच रेघ. फोटो छापून वरून गिरवणारे पोटरीच्या दोन्ही कडा काढतात, मग त्रिकोणाच्या धडाला फुगीर पाय लागतात आणि चित्र ना वारलीचं राहतं ना फोटोचं.

चौथा कागद घेऊन गेलो तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही. सोप्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि दहा फुटांवर बसलो. दूध घ्यायला आलेली शेजारची बाई उंबऱ्यातूनच म्हणाली, “तात्या कुठं निघाल्यात?” एवढी परीक्षा मला पुरते.

तात्यांनाच विचारायची चूक मात्र करू नका. ते आतून आले, चष्मा पुसून चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि मला म्हणाले, “हे कोण ओ?” बिचाऱ्यांनी आरशात रोज पाहिलाय तो चष्मा आणि ती मिशी. आपली पाठ आणि कॉलरला लटकलेली छत्री त्यांनी कधी बघितलीय?