पुरस्कार खरा आहे का, आणि दिला कोणी?

गेल्या वर्षी स्वयंपाकघर नव्याने करायचे म्हणून एका मॉड्युलर किचनच्या दुकानात गेलो. काउंटरमागे काचेची ट्रॉफी आणि माहितीपत्रकावर सोनेरी गोल शिक्का होता, ‘महाराष्ट्रातील सर्वोत्तम किचन ब्रँड २०२३’. देणाऱ्याचे नाव मात्र शिक्क्यावर कुठेच नव्हते. म्हणून मोबाइलने ट्रॉफीचा फोटो काढला, मोठा करून पाहिला. तळाच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरांत एका संस्थेचे नाव सापडले.

पहिले काम हेच. पुरस्काराचे नाव, वर्ष, विभाग आणि देणारा या चार गोष्टी जशाच्या तशा टिपून घ्या. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ‘अॅस्की’ची (जाहिरात क्षेत्रातल्यांनीच १९८५ मध्ये स्थापलेली संस्था) पुरस्कारांविषयी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पुरस्कार कोणी दिला आणि कधी दिला, हे जाहिरातीत असायला हवे, असे त्यांत म्हटले आहे. नाव गाळलेले असेल तर शोध सुरू होण्याआधीच एक खूण मिळाली म्हणायची.

मग पुरस्काराचे नेमके नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि कंपनीची स्वतःची साइट निकालांतून वगळा. `example.com` च्या जागी कंपनीचा पत्ता टाका.

```
"Best Kitchen Brand" 2023 -site:example.com
```

इथे काय दिसते यापेक्षा कोण बोलते आहे, ते बघा. मला पाच-सहा बातम्या मिळाल्या, पण प्रत्येकीच्या तळाशी ओळ होती: हा मजकूर कंपनीने पुरवला आहे, संपादकीय विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे त्या बातम्या नव्हत्याच, पैसे देऊन छापून आणलेली प्रसिद्धिपत्रके होती. खऱ्या पुरस्काराची यादी देणाराच जाहीर करतो, बहुधा परीक्षकांच्या नावांसह आणि मागच्या वर्षांच्या विजेत्यांसह. विजेता ओरडून सांगतोय आणि देणारा गप्प आहे, असे दिसले की सावध व्हा.

आता देणाऱ्याकडे वळा. त्याच्या साइटचा पत्ता `lookup.icann.org` वर टाकला की `Created` या शब्दापुढे नोंदणीची तारीख दिसते. ‘गेली पंधरा वर्षे’ पुरस्कार देणाऱ्यांचा पत्ता दोन वर्षांपूर्वी घेतलेला निघाला, तर विचारायला जागा आहे. फक्त तेवढ्यावरून खोटे ठरवू नका, जुन्या संस्थाही पत्ता बदलतात. संस्था कंपनी असेल तर `mca.gov.in` वर तिची नोंदणी तपासता येते. माझ्या बाबतीत संस्था नोंदलेली होती, समारंभही हॉटेलात झाला होता, फोटो होते. पुरस्कार अस्तित्वात होता.

पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी गोम पुढेच असते. त्याच साइटवर ‘नामांकन’ असे पान असते, ते उघडा. प्रवेश फी किती, ट्रॉफीचे आणि व्यासपीठावरच्या जागेचे पैसे वेगळे का, विभाग किती, हे वाचा. ‘सर्वोत्तम किचन’, ‘सर्वात विश्वासार्ह किचन’, ‘उदयोन्मुख किचन’ असे विभाग पाडले की प्रत्येकाच्या हाती काहीतरी पडतेच. फी असली म्हणजे फसवणूक असेही नाही. ब्रसेल्सची मोंद सिलेक्शन १९६१ पासून फी घेऊन उत्पादने तपासते, पण तिथे गुण ठरलेले आहेत आणि तेवढे गुण मिळवणाऱ्या सगळ्यांनाच सुवर्णपदक मिळते. त्यामुळे असे पदक म्हणजे ‘पहिला नंबर’ नव्हे. जाहिरात मात्र तसेच भासवते.

देणारा नामांकित असला तरी परीक्षा काय घेतली, हे विचारायला हवे. २००८ मध्ये एका अमेरिकी लेखकाने मिलानमधल्या, प्रत्यक्षात नसलेल्याच रेस्टॉरंटच्या नावाने ‘वाइन स्पेक्टेटर’ मासिकाकडे वाइनची यादी आणि अडीचशे डॉलर फी पाठवली. ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ मिळाला. यादीतल्या महागड्या वाइन त्याच मासिकाने पूर्वी कमी गुण दिलेल्या होत्या. पुरस्कार खरा, देणारा खरा, विजेताच नव्हता!

शेवटी कंपनीला लेखी विचारा: कोणत्या विभागात, किती स्पर्धक होते, परीक्षक कोण, फी किती भरली? उत्तर टाळले आणि दावा दिशाभूल करणारा वाटला, तर जाहिरातीचा फोटो तारखेसह जपून ‘अॅस्की’कडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

मी दुकानदाराला ईमेल केला. तीन दिवसांनी त्याचा फोन आला. “साहेब, ते आमच्या मार्केटिंगवाल्या पोराने पॅकेज घेतलं होतं. तुम्ही किचन बघा ना!” किचन मी बघितले. फळ्यांचा प्लायवुड कुठल्या ग्रेडचा, हे विचारल्यावर त्याच्याकडे कागद होता.