वाद्याशिवाय ताल: आधी पाय, मग टाळी, चाल शेवटी

पहिली-दुसरीच्या पोरांना गाणं आणि टाळी एकदमच सांगितली की दुसऱ्या ओळीपर्यंत लय पळते. म्हणून अर्ध्या तासाच्या तासात एकावर एक असं चढवत न्या. टिनाच्या वर्गात टाळ्या घुमतात, त्यामुळे शक्यतो कडुलिंबाखाली गोल करा.

१. पाच मिनिटं जागेवरच डावा-उजवा पाय. सावकाश, तोंड बंद.

२. पाय चालू ठेवून ओळी नुसत्या बोला, दर पावलाला एक तुकडा:
आली / आली / बैल / गाडी
चाक / वाजे / खड / खड
एक ओळ तुम्ही, तीच पोरं.

३. आता खाली बसवा. पावलाऐवजी मांडी-टाळी, मांडी-टाळी. टाळी दोन बोटांनी तळहातावर वाजवा. पूर्ण हातांनी वाजवली की आवाजाची चढाओढ लागते आणि लय तिथंच सुटते.

४. चाल शेवटी, सा-रे-ग एवढ्याच सुरांत. गुरुजींचा आवाज खालचा असतो आणि पोरं तो धरायला जाऊन घोगरी होतात. सुरात म्हणणाऱ्या एखाद्या मुलीला आधी म्हणू द्या, बाकीचे तिच्यामागून.

ताल बसला का, हे पाहायला शेवटचा ‘खड’ गिळायला सांगा: तोंड बंद, टाळी मात्र पडली पाहिजे. सगळ्यांची एकदम पडली तर बसला. विखुरली, तर गाणं थांबवून पुन्हा पावलांवर या.

मागं पडणाऱ्या पोराचा हात धरून टाळी वाजवून घेऊ नका. त्याला तुमच्या समोर बसवा, तो पाहून धरतो.