स्पर्धेच्या आठवड्यात क्रिएटिन सुरू करू नका

नाशिकला आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये दर स्पर्धेआधी कुणीतरी क्रिएटिनचा, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा मिळावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या पावडरचा डबा उघडतंच. दिवसाला २० ग्रॅम, आठवडाभर. स्नायूंमधला क्रिएटिनचा साठा लवकर भरतो हे खरं, पण स्नायूंत पाणीही साठतं आणि वजन किलो-दीड किलोने वाढू शकतं. मग तिसऱ्या गेममध्ये नेटकडून मागे धावताना पाय जड वाटतात.

स्पर्धा २० डिसेंबरला असेल, तर १० नोव्हेंबरपासून रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. साधारण चार आठवड्यांत साठा भरतो आणि वाढलेल्या वजनाची पायांना सवय व्हायला आणखी दहा-बारा दिवस मिळतात. वेळ कुठलीही चालेल. मॅचआधी तासभर घेतलेल्या चमच्याने काही होत नाही.

फायदा दिसतो तो लागोपाठच्या स्मॅश आणि झेपांमध्ये, दोन रॅलींमधल्या सावरण्यात. दम वाढत नाही, तो धावूनच कमवावा लागतो. शाकाहारी खेळाडूंचा मूळ साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक बहुधा जास्त जाणवतो.

मूत्रपिंडाचं काम ज्यावरून पाहतात ते क्रिएटिनिन रक्ततपासणीत थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.