रिटचिंग जास्त झालंय हे शेवटी कळतं, कारण चेहरा आधी बघितलेलाच नसतो: या चुका टाळा

फोटो उघडला की दहाव्या सेकंदाला हीलिंग ब्रश हातात. शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यांचा हात माउसकडे जाताना दिसला तरी मला राग येतो. चेहरा अजून धड पाहिलेला नसतो. नाक मोठं की छोटं, उजेड कुठून आलाय, कुठली छटा कातडीची आणि कुठली सावलीची, काही पत्ता नाही. पण पुटकुळी दिसली, मारा क्लिक. दोन तासांनी तोच माणूस स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारतो, "जास्त झालंय का हो?" आता मी काय सांगू? मूळ चेहरा कसा होता हे तुझ्याच डोक्यात नाही, तर जास्त कशापेक्षा?

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

डोळा फार लवकर सरावतो. चेहऱ्यांच्या बाबतीत तर हे प्रयोग करून दाखवलेलं आहे. 1999 मध्ये वेब्स्टर आणि मॅक्लिन या संशोधकांनी लोकांना थोडा वेळ ताणलेले, दाबलेले चेहरे दाखवले आणि मग साधा, न बदललेला चेहरा पुढे ठेवला. तो साधा चेहराच लोकांना उलट्या दिशेने वाकडा वाटू लागला. रिटचिंग करताना आपणही तेच करतो, फक्त प्रयोगशाळा आपल्याच टेबलावर असते. अर्धा तास गुळगुळीत गाल बघितले की गुळगुळीत गाल हाच आपला 'नेहमीचा' गाल होतो, आणि पुढच्या फोटोतली साधी छिद्रंसुद्धा दोष वाटायला लागतात.

हे मला वाचून नाही, तोंडघशी पडून कळलं. एका कार्यालयातल्या 22 जणांचे पोर्ट्रेट होते. एकच पार्श्वभूमी, एकच लाइट, सगळे एका दिवसात काढलेले. सकाळी द्यायचे म्हणून रात्री बसलो आणि क्रमाने एकेक करत गेलो. प्रत्येक फोटो संपल्यावर मला तो चांगलाच वाटत होता. सकाळी पाठवले. दुपारी फोन आला. पलीकडच्या बाई हसत होत्या, पण ते हसू कौतुकाचं नव्हतं. "पहिले पाच-सहा जण ओळखू येतायत. शेवटच्यांना तुम्ही काय लावलंय?"

मी सगळे फोटो एका पानावर क्रमाने लावून पाहिले आणि कानशिलं तापली. 1 नंबरचा माणूस माणसासारखा होता. 8 नंबरपासून गालांवरची छिद्रं विरळ होत गेली होती. 15 च्या पुढे डोळ्यांखाली काहीच उरलं नव्हतं. 17 नंबरच्या गृहस्थांची दाढी रोज केली तरी जबड्यावर निळसर-करडी झाक राहते, तशी होती. मी ती गालाच्या रंगाला मिळवून टाकली होती. त्यामुळे ते मेकअप करून बसल्यासारखे दिसत होते. आणि 22 नंबरची मुलगी, बिचारी, तिच्या नाकाचा उंचवटासुद्धा सपाट झाला होता. एकाही फोटोत मी ठरवून जास्त केलेलं नव्हतं. आधीच्या फोटोला डोळा सरावला आणि पुढच्यात मी रेसभर पुढे गेलो, इतकंच. बावीस वेळा.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. याला पद्धत म्हणू नका. कामाला बसायच्या आधी दहा मिनिटं फक्त बघायचं, तेही आजच्या कामातल्या नाही तर दुसऱ्याच कुठल्यातरी न एडिट केलेल्या चेहऱ्याकडे. माझ्याकडे अशा कच्च्या रॉ फाइलींचा एक फोल्डर आहे. त्यात वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या वर्णाचे, ओळखीतले, हो म्हणून बसलेले लोक आहेत. एक चेहरा उघडायचा, 100 टक्क्यांवर न्यायचा आणि जे दिसतं ते कागदावर शब्दांत लिहायचं. 'छान त्वचा' असं नाही. कपाळ गालापेक्षा पिवळट. नाकाचा शेंडा आणि कान लालसर. छिद्रं नाकाच्या बाजूला सगळ्यात मोठी, कपाळावर बारीक, डोळ्यांखाली जवळजवळ नाहीतच. ओठांभोवती रंग गडद. बाजूने उजेड असला तर जबड्याच्या कडेला बारीक लव चमकते. लिहायला लावलं की शिकाऊ लोक कंटाळतात, "आम्हाला दिसतं ना" म्हणतात. मग मी फोटो बंद करतो आणि विचारतो, वरच्या पापणीचा रंग काय होता? शांतता.

एक गोष्ट मात्र मुद्दाम बघा: नाकावरची चमक. मूळ फोटोत ती सलग पांढरी पट्टी नसते. कातडी खडबडीत असल्यामुळे ती बारीक ठिपक्यांनी फुटलेली असते, जणू मीठ सांडलंय. ब्लर मारला की ठिपके एकमेकांत विरघळतात आणि तिथे मऊ, एकसंध उजळ डाग तयार होतो. चेहरा मेणाचा का वाटतो याचं उत्तर बहुतेक वेळा या चमकेत सापडतं. रिटच केलेल्या कुठल्याही फोटोत मी सगळ्यात आधी तिथेच बघतो. दुसरी जागा म्हणजे सीमा. गाल गुळगुळीत आणि कान मात्र छिद्रांसकट तसाच, किंवा चेहरा एका वयाचा आणि मान दुसऱ्या, असं दिसलं की काय झालंय हे सांगावं लागत नाही.

माझी दुसरी डोकेदुखी म्हणजे डोळ्यांखालची जागा. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक दोन्ही एकाच ब्रशने पुसतात. एक म्हणजे रंग: तिथली कातडी पातळ असते, खालच्या रक्तवाहिन्यांची निळसर-जांभळट झाक दिसते, काहींना मुळातच तपकिरी छटा असते. दुसरी म्हणजे आकार: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारा खोलगट भाग, त्यावर वरच्या उजेडाने पडलेली सावली. रंग कमी केला तर माणूस झोप झाल्यासारखा दिसतो. सावली काढली तर डोळा खोबणीतून बाहेर येऊन कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो.

पण यातलं काय रंग आणि काय सावली हे एका फोटोत डोळे ताणून कळत नाही. त्याच शूटमधला दुसरा फ्रेम काढा, ज्यात माणसाने हनुवटी वर केली आहे किंवा मान वळवली आहे. दोन्ही शेजारी ठेवा. जे सरकलं ती सावली. जे जागच्या जागी राहिलं तो रंग. हे एकदा बघितलं की डोळ्यांखालच्या भागाकडे पुन्हा पूर्वीसारखं बघता येत नाही. दुसरा फ्रेमच नसेल तर निदान उजेड कुठून आलाय ते डोळ्यांतल्या चमकेवरून ओळखा. चमक वरच्या भागात असेल तर खालच्या काळेपणात सावलीचा वाटा मोठा असणार.

मग दुरुस्ती. मी नवा लेयर घेतो, त्याचा मोड Color ठेवतो, गालाचा रंग उचलतो आणि 10 टक्के फ्लोवर हलक्या हाताने फक्त निळसर भागावरून फिरवतो. या मोडमध्ये उजळपणा जवळपास तसाच राहतो, म्हणजे सावलीला धक्का लागत नाही. एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. तरी काळं वाटलं तर कर्व्हने किंचित उजळ करतो, आणि तिथे थांबतो जिथे खोलगटपणा अजून दिसतो. शेवटी लेयरची ओपॅसिटी 70 वर आणतो, पटत नसलं तरी. तोवर डोळा सरावलेला असतो, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आता बाकीच्या चुका, ज्यांच्यावर एवढी शाई घालवायची माझी इच्छा नाही.

फोनचा फोटो हा 'न एडिट केलेला' धरणं. फोनने नॉइज घालवताना कातडी आधीच घासलेली असते. अभ्यास करायचा तर रॉ घ्या, आणि तो उघडल्यावरही लाइटरूम स्वतःहून थोडं शार्पनिंग लावतो हे लक्षात ठेवा. नाहीच जमलं तर खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. फुकट आहे.

300 टक्क्यांवर काम करणं. तिथे चेहरा नसतो, ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपका दोषी वाटतो.

डोळ्यांचा पांढरा भाग पांढराशुभ्र करणं. तो पांढरा नसतोच. वरच्या भागावर पापणीची सावली असते, कोपऱ्याला गुलाबी असतो. दातांचंही तेच, सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळट असतात आणि ते तसे असू द्यावेत.

Texture स्लायडर उणेमध्ये ओढून 'झालं' म्हणणं. यावर मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

'आधी आणि नंतर' सारखं चालू-बंद करून खात्री करून घेणं. हा शॉर्टकट सगळ्यांना आवडतो आणि तो हमखास फसवतो, कारण अशा तुलनेत डोळा जो बदल झाला त्याच्याकडेच धावतो. पुटकुळी गायब झाली हे दिसतं, नाक सपाट झालं हे दिसत नाही. मी तुलना करतो ती त्या कच्च्या फोल्डरमधल्या, साधारण त्याच वयाच्या आणि तशाच उजेडातल्या दुसऱ्याच चेहऱ्याशी. दोन्ही शेजारी, लहान आकारात. आपला माणूस त्या शेजाऱ्याच्या बाजूला बाहुला वाटला तर परत मागे.

त्या 22 जणांचे फोटो मी पुन्हा केले, यावेळी क्रम उलटा करून आणि दर चार चेहऱ्यांनंतर कच्चा फोल्डर उघडून. 17 नंबरच्या गृहस्थांची दाढीची निळसर झाक परत आली. त्यांनी फोटो बघून एवढंच विचारलं, "मग आधीच्यात काय केलं होतंत?"