गद्यात लिहिलेलं नाटक संहितेत उतरवण्याआधी : एक्झिट तपासा

मागच्या वर्षी मी एक एकांकिका आधी गोष्टीसारखी सलग लिहिली, मग दोन रात्रींत संवाद वेगळे काढून संहिता केली आणि थेट तालमीत नेली. तिसऱ्या पानावर काकूचं काम करणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, मी आता कुठे जाऊ? कारण भाऊ-बहीण घर विकल्याचं काकूपासून लपवायचं ठरवत होते आणि काकू तिथेच उभी. गोष्टीत मी पुढच्या परिच्छेदात काकूचं नाव घेतलं नव्हतं एवढंच, त्यामुळे वाचताना ती गेलीच असं वाटायचं. स्टेजवर माणूस असा जात नाही, त्याला चालत विंगेत जावं लागतं. म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची तयारी, एक्झिट. प्रत्येक पात्राची एक्झिट.

हे लेआउटला हात लावायच्या आधी करा, नंतर नाही. कागदावर आडवी पात्रांची नावं, उभे पान नंबर, आणि ज्या पानावर जो स्टेजवर आहे त्याच्याखाली टिक. टिक जिथे संपते तिथे मूळ मजकुरात "जाते" हे क्रियापद सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर तिथे भोक आहे. नुसतं "काकू जाते" लिहूनही भागत नाही, कुठल्या दारातून आणि कशाला ते हवं, कारण स्वयंपाकघरात गेलेली काकू पुढच्या वेळी रस्त्याकडच्या दारातून आली की प्रेक्षकाला कळतं. आणि चहा आणायला गेली असेल तर दोन वाक्यांत कप घेऊन परत आणू नका, मध्ये तेवढे संवाद आहेत का बघा. मला काकूला आत पाठवायला कारणच सापडेना, शेवटी प्रयोगाला आठ दिवस असताना अख्खा प्रवेश नव्याने लिहावा लागला.

मग नावं. गोष्टीत एकाच बाईला आपण माई, सुमती, आजी असं काहीही म्हणतो. संहितेत डावीकडे एकच नाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसरी पात्रं तिला काहीही म्हणोत.

आता खरं वेळखाऊ काम. गोष्टीत समजा असं आहे: "वसंता आत आला. वडील गेल्यापासून माई त्याच्याशी नीट बोलल्या नव्हत्या, हे त्याला सलत होतं. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. काकूने ते पाहिलं. विकलंस? माईंनी विचारलं." यातलं "सलत होतं" नटाला करता येत नाही आणि प्रेक्षकाला दिसत नाही. ते कंसात ढकलायचा मोह होतो, ढकलू नका. एक तर कृती द्या, नाहीतर संवादात आणा, नाहीतर काढून टाका. मी असं केलं:

(माई खुर्चीत पोथी वाचतायत. काकू कपड्यांच्या घड्या घालतेय. वसंता बाहेरच्या दारातून येतो. माई मान वर करत नाहीत. तो पाकीट टेबलावर ठेवतो. काकू पाकिटाकडे बघते, घड्या उचलून आतल्या दाराने जाते.)
माई : (पान उलटत) विकलंस?
वसंता : माई, आधी ऐकून तर घ्या.

बघा, काकू गेली. कारण आहे, दार आहे, हातात काय आहे तेही आहे. कंसातलं सगळं वर्तमानकाळात, आणि जे दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच. "रागाने", "दुःखाने" प्रत्येक संवादाला लावू नका, वाक्यात राग असेल तर नट तो काढतो. शब्द एक आणि भाव उलटा असेल तिथेच सूचना द्या. उजवी-डावी लिहिणार असाल तर नटाची की प्रेक्षकांची ते पहिल्याच पानावर ठरवा, त्यापेक्षा "आतलं दार", "बाहेरचं दार" बरं.

लेआउटचं थोडक्यात: नाव ठळक, मग अपूर्णविराम, संवादाची दुसरी ओळ नावाखाली न येता आत सरकलेली. रंगसूचना कंसात आणि तिरप्या. उजवीकडे भरपूर समास, दिग्दर्शक तिथे हालचाली लिहितो. पान नंबर. सुरुवातीला पात्रं आणि नेपथ्य, अगदी मोजकं.

प्रॉपर्टीची, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तूंची, यादी संहितेतूनच काढा. पाकीट कोणी उचललं? तेही एक्झिटसारखंच आहे, ठेवलेली वस्तू तिथेच राहते.

शेवटी मोठ्याने वाचन, घड्याळ लावून. वाचताना जे पात्र स्टेजवर आहे त्याने उभं राहायचं, एक्झिट वाचली की बसायचं. प्रवेश संपताना कोणी विनाकारण उभा असेल तर त्या पानावर परत जा. ब्लॅकआउट लिहून सोडवू नका, अंधारातही त्याला बाहेर जावंच लागतं.