‘छान आहे’च्या पलीकडचं उत्तर

आमचं ॲप खाणावळींच्या हिशेबाचं. पहिल्या चाळीस ग्राहकांना एकच मेल धाडला: ‘आपला बहुमोल अभिप्राय द्या’, खाली फॉर्मची लिंक. उत्तरं आली दोन, दोन्ही ‘छान आहे’.

मग एकेकाला वेगळा लिहिला. कोथरूडच्या एका काकूंना असा: ‘काकू, गेल्या आठवड्यापासून ॲपमध्ये खाडे दिसत नाहीत. मागच्या वेळी ते कसे मांडलेत, एवढंच ऐकायचंय. पंधरा मिनिटं, काही विकणार नाही. मंगळवारी की बुधवारी, साडेचारला?’ (आधीच्या खर्ड्यात दुपारी दोन लिहिलं होतं. पुण्यात!)

तासाभरात ‘बुधवारी’ आलं. काकू खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत होत्या, कारण निरोप यायचे पोळ्या लाटताना आणि पिठाच्या बोटांनी फोन उघडत नव्हता.