कपॅसिटर उन्हाने फुगतात की ड्राइव्हमुळे? हार्मोनिक्स ओळखायचे कसे आणि चोक कधी बसवायचा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात काहीही बिघडलं की दोष उन्हावर ढकलायची सोय असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातही तेच चाललं होतं. पॉवर फॅक्टर सुधारायला पॅनेलमध्ये बसवलेले कपॅसिटर फुगायचे, फ्यूज उडायचे, नवीन बसवले की दोन-तीन महिन्यांत पुन्हा तीच कथा. मालकांनी पॅनेलसमोर एक मोठा पंखा लावला होता. वायरमनने मला हळूच सांगितलं, "साहेब, फ्यूज दुपारी नाही उडत, रात्री पाळीत उडतात." मला तेवढा एकच धागा हवा होता. ऊन रात्री दोन वाजता नसतं.

आधी थोडक्यात कारण सांगतो. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी, आलेल्या एसीचं आधी डीसी करतो. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये डीसी साठलेलं असतं, म्हणून तो लाइनमधून करंट फक्त व्होल्टेजच्या टोकाला ओढतो, बाकी वेळ गप्प बसतो. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की सगळी गल्ली एकाच वेळी घागरी लावते, तसं. करंटचा हा झटक्याझटक्याचा आकार उलगडला तर 50 हर्ट्झच्या मूळ करंटसोबत 250, 350, 550, 650 हर्ट्झचेही करंट निघतात. त्यांनाच पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक म्हणतात. त्यात पाचवा आणि सातवा सगळ्यात दांडगे.

हे करंट ट्रान्सफॉर्मरमधून वाहताना व्होल्टेजचा आकारही बिघडवतात. व्होल्टेज किती टक्के बिघडलं ते मीटरवर THDv या नावाने दिसतं. IEEE 519 या मानकात एक केव्हीच्या आतल्या व्होल्टेजसाठी ही मर्यादा 8 टक्के धरली आहे.

पहिली पायरी: कागद-पेन्सिल घेऊन बसा

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून दोन आकडे घ्या, केव्हीए आणि टक्केवारीतला इम्पिडन्स. मग चालणाऱ्या ड्राइव्हची बेरीज करा आणि कपॅसिटर पॅनेलचे एकूण केव्हीएआर लिहा. या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर 500 केव्हीएचा, इम्पिडन्स 5 टक्के. स्टेंटर, डाइंगचे पंप, हायड्रो आणि बॉयलरचे पंखे मिळून ड्राइव्ह 110 किलोवॅट. कपॅसिटर 200 केव्हीएआर, सगळे साधे, म्हणजे त्यांच्यासोबत रिॲक्टरची कॉइल नाही.

ड्राइव्हचा वाटा ट्रान्सफॉर्मरच्या साधारण 22 टक्के निघतो. माझा हिशेब असा: 15 टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही, 15 ते 40 मध्ये मोजून बघावं, त्यापुढे मोजल्याशिवाय एकही नवीन ड्राइव्ह घेऊ नये. या हिशेबाने 22 टक्के म्हणजे फार घाबरायचं कारण नव्हतं. तरी कपॅसिटर मरत होते, कारण खरी गोची ड्राइव्हच्या संख्येत नव्हती. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांची जी जोडी जमली होती, तिथे ती होती.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे कॉइल आणि पॅनेल म्हणजे कपॅसिटर. ही जोडी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला झोपाळ्यासारखी वागते. नेमक्या तालावर छोटासा धक्का मिळाला तरी झोका वाढत जातो. तो ताल कितव्या हार्मोनिकवर आहे, हे एका ओळीत निघतं. Ssc म्हणजे ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट-सर्किट क्षमता, Qc म्हणजे जोडलेल्या कपॅसिटरचे केव्हीएआर:

```
h = √(Ssc / Qc)
Ssc = 500 / 0.05 = 10000 kVA
h = √(10000 / 200) = 7.07
```

म्हणजे सगळे 200 केव्हीएआर जोडलेले असताना झोपाळ्याचा ताल बरोबर सातव्या हार्मोनिकवर, आणि ड्राइव्ह नेमका तोच पुरवतात. महावितरणच्या लाइनचा इम्पिडन्स धरला तर हा आकडा थोडा खाली येतो, पण संकट तेच राहतं. तुमचं उत्तर 5, 7, 11 किंवा 13 च्या आसपास आलं तर पुढच्या पायऱ्या टाळू नका.

दुसरी पायरी: मोजा, तेही दिवसा आणि रात्री

यासाठी ट्रू आरएमएस लिहिलेला टाँग टेस्टर लागतो. साधा टेस्टर बिघडलेल्या आकाराचा करंट कमी दाखवतो, आणि मग सगळं आलबेल वाटतं. THDv साठी पॉवर ॲनालायझर भाड्याने मिळतो. चालू पॅनेलमधलं काम आहे, ते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

25 केव्हीएआर, 440 व्होल्टच्या एका कपॅसिटरला 440 व्होल्टवर सुमारे 33 अँपिअर जायला हवेत. साधारणपणे कपॅसिटर त्याच्या रेटेड करंटच्या 1.3 पट, म्हणजे इथे 43 अँपिअरपर्यंत, सतत सोसू शकतो. आम्हाला दिवसा 420 व्होल्टवर 35 अँपिअर मिळाले. रात्री लूम बंद, लाइनचं व्होल्टेज 440 वर चढलेलं, आणि टेस्टरवर 42 अँपिअर. त्याच वेळी THDv दिवसा 8 आणि रात्री 13 टक्के. म्हणजे बंद, गरम पॅनेलमध्ये कपॅसिटर मर्यादेच्या काठावर उभा होता. लूमच्या साध्या मोटर दिवसा झोपाळ्याला थोडा ब्रेक लावतात. रात्री तो ब्रेकही गेलेला असतो.

आणि सगळे 200 केव्हीएआर रात्री जोडलेले का राहायचे? कंट्रोलर मॅन्युअलवर होता. "पॉवर फॅक्टर घसरला तर बिलात दंड येतो," म्हणून कुणीतरी कधीकाळी तो तसा करून ठेवला, आणि नंतर कुणी हात लावला नव्हता.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. ॲनालायझर ट्रान्सफॉर्मरच्या एलटी इनकमरवर लावून कपॅसिटर एक-एक करून बंद करा. प्रत्येक वेळी THDv टिपत जा. आमच्याकडे सगळे काढल्यावर 13 चे 6 टक्के झाले. कपॅसिटर काढल्यावर आकडा असा धाडकन खाली आला तर दोष झोपाळ्याचा. फारसा हलला नाही तर ड्राइव्हच जास्त आहेत, किंवा हार्मोनिक्स बाहेरून, शेजाऱ्याच्या कारखान्यातून येत आहेत. हे शेवटचं पारखायला तुमचे ड्राइव्ह बंद ठेवून एकदा मोजा. कपॅसिटरला हात लावण्याआधी किमान पाच मिनिटं थांबा आणि टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची खात्री करा. घाई करून झटका खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत.

तिसरी पायरी: फुकटचे उपाय आधी

कंट्रोलर ऑटोवर टाका. दुसरं म्हणजे कपॅसिटरची गरज नव्याने काढा. ड्राइव्हवर गेलेल्या मोटरला पूर्वीसारखे कपॅसिटर लागत नाहीत, कारण ड्राइव्ह मूळ 50 हर्ट्झचा करंट जवळपास व्होल्टेजच्या तालातच ओढतो. पंप-पंखे ड्राइव्हवर गेले आणि पॅनेल मात्र जुनंच राहिलं, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. या कारखान्यात रात्री फक्त 50 केव्हीएआर पुरले. 50 ला h चा आकडा 14 होतो, म्हणजे पाचव्या-सातव्यापासून लांब, पण तेराव्याच्या जवळ. म्हणून हा तात्पुरता इलाज समजा.

चौथी पायरी: ड्राइव्हला लाइन चोक

लाइन रिॲक्टरला दुकानात चोकच म्हणतात. तो ड्राइव्हच्या इनपुटला, एमसीसीबी आणि ड्राइव्हच्या मध्ये बसतो. आउटपुटला मोटरकडे लावतात तो वेगळा, त्याचं कामही वेगळं. मागताना नीट सांगा, नाहीतर भलताच हातात पडतो. करंटचे टोकदार झटके तो पसरवतो. चोक नसलेल्या ड्राइव्हचा करंट 80-100 टक्के किंवा त्याहून जास्त बिघडलेला असतो, 3 टक्क्यांच्या चोकने तो पूर्ण लोडवर साधारण 40 वर येतो.

15 किलोवॅटच्या ड्राइव्हसाठी हिशेब असा. इनपुट करंट 30 अँपिअर धरू. फेज व्होल्टेज 240, त्याचे 3 टक्के म्हणजे 7.2 व्होल्ट. 7.2 ला 30 ने भागलं की 0.24 ओहम, आणि त्याला 314 ने भागलं की 0.76 मिलिहेन्री. म्हणजे 30 अँपिअर, 0.76 मिलिहेन्री, तीन फेजचा चोक मागायचा. करंट मोटरच्या प्लेटवरचा धरू नका, ड्राइव्हच्या इनपुटचा धरा.

5 टक्क्यांचा आणखी चांगला, पण लाइनच्या टोकाला असलेल्या कारखान्यात व्होल्टेज आधीच कमी असेल तर ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर ट्रिप होऊ लागतो. म्हणून मी सहसा 3 वरच थांबतो. घेण्याआधी ड्राइव्हचं मॅन्युअल उघडा. मोठ्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा आतच डीसी चोक असतो, तिथे पुन्हा खर्च कशाला? आणि चोक चांगलाच तापतो, तेव्हा त्याला केबल डक्टपासून लांब, हवा लागेल अशी जागा द्या.

आम्ही चोक आधी मोठ्या ड्राइव्हना लावले. इथे एक गैरसमज काढून टाकतो: चोकने झोपाळ्याचा ताल बदलत नाही, धक्का तेवढा हलका होतो. छोटा ड्राइव्ह मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ असेल, तर मात्र ड्राइव्हचा स्वतःचा रेक्टिफायर वाचवायला चोक हवाच, मग हार्मोनिक्सची तक्रार असो वा नसो.

पाचवी पायरी: डिट्यून पॅनेल

ताल बदलायचा असेल तर प्रत्येक कपॅसिटर स्टेपला मालिकेत रिॲक्टर लावतात. 7 टक्क्यांच्या रिॲक्टरने त्या स्टेपचा ताल 189 हर्ट्झवर येतो, पाचव्याच्या 250 हर्ट्झच्या खाली. त्यामुळे पाचव्यापासून पुढे कोणत्याच हार्मोनिकला झोका मिळत नाही. पण रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं. 440 ला 0.93 ने भागलं की 473. म्हणून जुने 440 चे कपॅसिटर चालत नाहीत, 525 चे घ्यावे लागतात. पैसे वाचवायला अर्ध्या स्टेप डिट्यून आणि अर्ध्या साध्या ठेवू नका. साध्या स्टेप पुन्हा पाचव्या-सातव्याच्या तालावर येऊ शकतात, आणि मग फुगतात त्याच.

चोक आणि नवीन पॅनेल बसल्यावर रात्रीच्या पाळीत पुन्हा मोजलं. THDv 13 वरून साडेतीनवर आला.

जनरेटर असेल तर एक मोजणी त्यावरही करा. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स 5 टक्के असतो, तर अल्टरनेटरचा सबट्रान्झियंट रिॲक्टन्स बहुधा 10 ते 20 च्या दरम्यान. त्यामुळे तेच ड्राइव्ह जनरेटरवर व्होल्टेज दोन-चार पट बिघडवतात. लाइनवर सगळं ठीक, पण लाइट गेली की जनरेटरचं व्होल्टेज हेलकावे खातं, ही त्याची खूण. आमच्या कारखान्यात जनरेटरवर सगळे कपॅसिटर आपोआप बंद राहतील असं कंट्रोलरला जोडून दिलं. मालकांचा पंखा मात्र अजून तिथेच आहे, आता तो चोकवर वारा घालतो.